ट्रान्झिस्टर: रेडिओतला आणि प्रोसेसरमधला

प्रश्न: ‘ट्रान्झिस्टर म्हणजे आमच्या घरी रेडिओच. मग प्रोसेसरमधला ट्रान्झिस्टर हा बारीक स्विच आहे म्हणजे तो करतो काय, आणि एका चिपवर असे अब्जावधी मावतात कसे?’

उत्तर: ‘ट्रान्झिस्टर रेडिओ’ हे मूळ नाव बोलण्यात आखडले, एवढेच. रेडिओत हा घटक क्षीण संकेत वाढवण्याचे काम करतो. प्रोसेसरमध्ये त्याच्याकडून फक्त चालू आणि बंद या दोन टोकाच्या अवस्थांची अपेक्षा असते.

त्याला सोर्स, ड्रेन आणि गेट अशी तीन टोके असतात. गेट आणि खालचे सिलिकॉन यांच्यामध्ये विद्युतरोधक थर असतो. एन प्रकारच्या ट्रान्झिस्टरमध्ये गेटला साधारण एक व्होल्टचा धन दाब दिला की त्याच्या ओढीने इलेक्ट्रॉन थराखाली गोळा होतात, सोर्सपासून ड्रेनपर्यंत वाट तयार होते आणि प्रवाह वाहतो. दाब काढला की वाट मोडते. पी प्रकारचा ट्रान्झिस्टर नेमका उलटा वागतो.

या दोघांची जोडी लावली की ‘नॉट’ द्वार, म्हणजे आलेला संकेत उलटवणारे मंडल, बनते. उच्च दाब म्हणजे १, शून्य दाब म्हणजे ०. वरचा पी उच्च दाबाला जोडलेला, खालचा एन शून्य दाबाला, दोघांचे गेट एकत्र, आणि उत्तर दोघांच्या मधल्या जोडातून बाहेर पडते. आत १ आला की खालचा चालू, वरचा बंद, म्हणून बाहेर ०. आत ० आला की उलट. हे बाहेर पडणारे उत्तरच पुढच्या ट्रान्झिस्टरचे गेट हलवते, आणि अशा साखळीतून बेरजेपर्यंत सारे साधते. महत्त्वाचे म्हणजे स्थिर अवस्थेत दोघांपैकी एक नेहमी बंद असतो. ऊर्जा मुख्यतः अवस्था बदलतानाच खर्च होते. असे नसते तर जागा असूनही उष्णतेमुळे अब्जावधी ट्रान्झिस्टर ठेवता आले नसते.

आता जागेचा हिशोब. १९७१ च्या इंटेल ४००४ मध्ये सुमारे १२ चौरस मिलिमीटरवर २,३०० ट्रान्झिस्टर होते, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला साधारण ७२ मायक्रोमीटर बाजूचा चौरस आला. २०२० च्या ॲपल एम१ मध्ये सुमारे १२० चौरस मिलिमीटरवर १६ अब्ज आहेत. तिथे तीच बाजू जेमतेम ८७ नॅनोमीटर भरते. (एम१ ज्या तंत्राने घडवला त्याला ‘५ नॅनोमीटर’ म्हणतात, पण ते नाव आहे, मोजमाप नव्हे.) हे ट्रान्झिस्टर कोणी एकेक करून बसवत नाही. छायाचित्राच्या छपाईसारखा प्रकाशाने आराखडा उमटवून, कोरून आणि थर चढवून ते सगळे एकत्रच घडवले जातात, त्यामुळे रेघा जितक्या बारीक उमटतील तितकी संख्या वाढते.

मात्र गेटखालचा सिलिकॉन डायऑक्साइडचा थर १.२ नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे मोजक्या अणूंइतका, पातळ झाल्यावर इलेक्ट्रॉन त्यातून आरपार जाऊ लागले. चिप स्वस्थ असतानाही वीज खाते, ती अशा गळतीमुळे. म्हणून इंटेलने २००७ मध्ये हाफ्नियमयुक्त पदार्थ वापरला: थर जाड, पण गेटची पकड तितकीच.