स्टिरॉइड चालू असताना हाडांचं औषध कधी सुरू करावं?

प्रश्न: आई ६८ वर्षांची आहे. तिला रोज १० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन सहा महिने तरी घ्यायची आहे. कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी पुरेसं होईल का?

नाही, या वयात आणि या डोसला ते बहुधा पुरणार नाही. 'आधी डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, करू, हाडं विरळ दिसली तर बघू' हा सल्ला मला अजिबात पटत नाही. स्टिरॉइडमुळे हाड बांधणाऱ्या पेशी मरतात, आतड्यातून कॅल्शियम कमी शोषलं जातं आणि लघवीवाटे जास्त जातं. सर्वांत वेगाने झीज पहिल्या तीन ते सहा महिन्यांत होते. डेक्साचा आकडा घसरण्याआधीच मणका दबू शकतो, तोही पुष्कळदा न दुखता. उंची कमी झाली असेल तर पाठीचा बाजूने एक्स-रे काढा.

चाळिशीनंतर रोज २.५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त प्रेडनिसोलोन तीन महिन्यांहून अधिक चालणार असेल, तर फ्रॅक्स या कॅल्क्युलेटरमध्ये माहिती भरून पुढच्या दहा वर्षांतल्या फ्रॅक्चरचा धोका काढतात. फ्रॅक्स स्टिरॉइडची फक्त 'हो-नाही' नोंद घेतं, डोस विचारत नाही. म्हणून डोस ७.५ च्या वर असेल तर मोठ्या फ्रॅक्चरचा, म्हणजे मणका, खुबा, मनगट किंवा खांदा मोडण्याचा, आकडा १.१५ ने गुणायचा. आईचा आकडा १८ टक्के आला असं धरा: १८ × १.१५ = २०.७. वीसच्या वर म्हणजे धोका जास्त, औषध लगेच सुरू. न गुणता ती 'मध्यम' गटात राहिली असती. आधी किरकोळ पडून हाड मोडलं असेल, किंवा रोजचा डोस ३० मिलिग्रॅम किंवा त्यावर असून तो महिनाभराहून जास्त चालणार असेल, तर या गणिताची वाट बघू नये. तिथे नवं हाड बांधायला मदत करणाऱ्या टेरिपॅराटाइड इंजेक्शनचाही विचार होतो.

नेहमीचं औषध म्हणजे अ‍ॅलेन्ड्रोनेट ७० मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदा. सकाळी उपाशीपोटी, ग्लासभर साध्या पाण्याबरोबर. नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, चहाही नाही. चहा-दुधाबरोबर घेतली तर गोळी जवळजवळ शोषलीच जात नाही, आणि लगेच आडवं झाल्यास अन्ननलिका भाजल्यासारखी होते.

कॅल्शियम आहारासकट दिवसाला १००० ते १२०० मिलिग्रॅम हवं. पाकिटावरच्या '१२५० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट'मध्ये प्रत्यक्ष कॅल्शियम ५०० च असतं. दूध, दही, नाचणी नियमित असेल तर एक गोळी पुरते. ती जेवणाबरोबर द्या, अ‍ॅलेन्ड्रोनेटबरोबर कधीच नको. व्हिटॅमिन डी रोज ६०० ते ८०० युनिट. रक्तात कमी आढळलं तर ६० हजारांची सॅशे ठरावीक आठवडेच, वर्षभर आपल्या मनाने नाही.

एक मात्र पाहून घ्या: क्रिएटिनिन आणि कॅल्शियम आधी तपासा. मूत्रपिंडं किती काम करतात ते सांगणारा ईजीएफआर ३५ च्या खाली, रक्तातलं कॅल्शियम कमी किंवा गिळायला त्रास असेल, तर ही गोळी नको. दात काढायचा असल्यास तो आधी काढून घ्या. स्टिरॉइड थांबलं की धोका पुन्हा मोजतात, आणि तो कमी झाला असेल तर ही गोळीही थांबवता येते.