‘सध्या जमणार नाही’ हा नकार नव्हे

*“कॉलेजातला वर्गमित्र नवी कंपनी काढतोय आणि मला सहसंस्थापक हो म्हणून मागे लागलाय. मला जायचं नाही, पण तोंडावर नाही म्हटलं तर मैत्री तुटेल. दोन महिने ‘बघू’ म्हणत ढकलतोय. काय करू?”*

याच पेचात सापडलेला एक सॉफ्टवेअर अभियंता समुपदेशनाला आला होता. ओळख पटू नये म्हणून त्याचे काही तपशील बदलले आहेत. त्याच्या मते त्याने तीनदा नकार दिला होता. आधी म्हणाला, घराचे हप्ते आहेत. मित्र म्हणाला, थोडा पगार सुरू करू. मग म्हणाला, वेळ नाही. मित्र म्हणाला, शनिवार-रविवार ये. शेवटी म्हणाला, बायको तयार नाही, त्यावर मित्र, “मी बोलतो वहिनींशी.” मित्र चिकट होता असं नाही. याने अडचणी मांडल्या आणि तो त्या सोडवत गेला. नवा धंदा उभा करणारा माणूस दिवसभर तेच तर करत असतो!

त्याला एकच कसोटी दिली: सांगितलेलं कारण मित्राने उद्या दूर केलं, तर तू जाशील का? ‘हो’ असेल तर ती अट आहे, ती मोकळेपणी मांडावी. ‘तरीही नाही’ असेल तर ते कारण द्यायचंच नाही. त्याची तिन्ही कारणं इथेच गळाली.

खरं कारण निघायला दुसरी भेट लागली. मित्र आधी निर्णय घेतो आणि मग कळवतो. याला आधी सगळं बोलून घ्यावं लागतं. कॉलेजच्या प्रकल्पातही दोघांचं यावरूनच वाजलं होतं. मैत्रीत हा फरक खपून जातो, भागीदारीत तो रोज समोर येतो. शिवाय भिडेखातर ‘हो’ म्हणणं स्वस्त नसतं. संस्थापकांचा हिस्सा बहुधा चार वर्षांत टप्प्याटप्प्याने पक्का होतो आणि पहिल्या वर्षाच्या आत बाहेर पडलं तर सहसा काहीच हाती लागत नाही. आठव्या महिन्यात सोडून जाणारा भागीदार मित्राला आजच्या नकारापेक्षा कितीतरी महागात पडतो.

हे कारण मित्राला सांगायचं का? आमच्या मते, आपल्या बाजूचं तेवढं सांगावं. ‘तू ऐकून घेत नाहीस’ हा आरोप होतो. त्याने फोनवर म्हणायची वाक्यं कागदावर लिहून काढली: “अरे, मी पूर्ण विचार केला. मी सहसंस्थापक होणार नाही. मला प्रत्येक निर्णय सावकाश, बोलून घ्यावा लागतो. रोज एकत्र धंदा केला तर आपण भांडू, आणि ते मला नकोय. तू माझ्यासाठी थांबू नकोस, दुसरा माणूस शोध.” पहिल्या मसुद्यात ‘सध्या’ आणि ‘बहुतेक’ होते, दोन्ही खोडायला लावले. कल्पना चांगली की वाईट यावर एक शब्द नाही, कारण नकारासोबत आलेली टीका सबबच वाटते.

फोनवर बोलावं, वर्गमित्रांच्या ग्रुपवर नाही. दहा मिनिटं पुरतात. त्याच दिवशी दोन ओळींचा लेखी निरोपही पाठवावा. तो कोरडा वाटेल, पण या प्रकरणात त्याची फार गरज होती: गुंतवणूकदारांना दाखवायच्या सादरीकरणात याचं नाव आणि फोटो आधीच गेला होता. दोन बैठकांना गप्प बसून राहिल्याचा हा परिणाम. निरोपात त्याने नाव काढायला सांगितलं, सामायिक फोल्डरमधून बाहेर पडत असल्याचं कळवलं आणि आधी लिहून दिलेला थोडा कोड मित्राने वापरावा, त्यावर आपला हक्क राहणार नाही, हेही लिहिलं. मोठं काम करून दिलं असेल तर असं लिहिण्याआधी वकिलाला विचारा. नोकरीच्या करारात बाहेरच्या कामावर बंधन असेल तर तेही तपासा.

मदत देऊ केलीत तर तिला शेवट असू द्या. ‘काही लागलं तर सांग’ म्हणालात की मागच्या दाराने तेच काम येतं. त्याने डेटाबेसची रचना एकदा, दोन तास, पुढच्या रविवारी पाहून देईन असं सांगितलं आणि तेवढंच केलं.

मित्राचं उत्तर आलं: “ठीक आहे.” पुढे शुकशुकाट. याला लांबलचक खुलासा पाठवायचा होता, थांबवलं. दुखावलेल्या माणसाला खुलासा वाचून उलट नकार देणाऱ्याचीच समजूत काढावी लागते, आणि नकारावर पुन्हा चर्चा सुरू होते. तिसऱ्या आठवड्यात मित्राने एका बैठकीची लिंक पाठवली, “फक्त बसून राहा.” उत्तर ठरलेलं होतं: “बैठकीला येत नाही रे. शनिवारी चहाला भेटू?” शनिवारी मित्र अर्धा तास उशिरा आला आणि आल्या आल्या नव्या भागीदाराबद्दल कुरकुर करायला लागला. याने ऐकून घेतलं, सल्ला दिला नाही.