पाठीराख्यांची परंपरा उभारताना : कोल्हापुरातील एका तरुण कार्यकर्त्यास पत्र

चिरंजीव,

तुझे पत्र मिळाले. हंगामात शाहू स्टेडियमवर तालमीच्या फुटबॉल संघामागे उभी राहणारी गर्दी दोन सामने हरताच ओसरते, याची तुला खंत आहे, आणि त्यावर उपाय म्हणून एकसारखे टी-शर्ट व भलामोठा झेंडा करण्याचे तू ठरवले आहेस. माझा आग्रह असा की, कापड घेण्याआधी तारीख ठरवावी. निकालावर अवलंबून नसलेला एखादा दिवस हाती असल्याशिवाय पाठीराख्यांचा समाज वर्षभर टिकत नाही.

कोलकात्याच्या मोहन बागानकडे पाहा. २९ जुलै १९११ रोजी या संघाने ब्रिटिश सैन्याच्या ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असे हरवून आयएफए शिल्ड ही फुटबॉल स्पर्धा जिंकली. एक खेळाडू वगळता सारे अनवाणी खेळले होते. तो दिवस आजही मोहन बागान दिवस म्हणून पाळला जातो आणि त्या दिवशी जुन्या खेळाडूंचा सन्मान होतो. यंदा संघ कितवा आला, याच्याशी त्या दिवसाचा काही संबंध नसतो. याहून मला महत्त्वाची वाटते ती बारपूजा. बंगाली नववर्षाच्या सकाळी, एप्रिलच्या मध्याला, तिथले क्लब आपल्या मैदानावरील गोलच्या आडव्या दांडीची विधिवत पूजा करतात आणि पाठीराखे त्यासाठी मुद्दाम येतात. तिथे ना प्रतिस्पर्धी असतो ना निकाल, त्यामुळे हरलेल्या वर्षातही ती चुकत नाही.

त्यांची पूजा जशीच्या तशी उचलू नकोस. तुमच्या तालमीतील करंडकांवर कोरलेली वर्षे उतरवून घे, जुन्या संघांची छायाचित्रे वडीलधाऱ्यांपुढे ठेव आणि प्रत्येक चेहऱ्याखाली नाव लिहवून घे. त्यातूनच एखादा दिवस आपोआप पुढे येईल. त्या दिवशी एवढेच करावे : सर्वांत वयोवृद्ध खेळाडूने नव्या हंगामाची जर्सी सर्वांत लहान खेळाडूच्या हाती द्यावी आणि जुन्या संघाची नावे मोठ्याने वाचावीत. अर्ध्या तासापेक्षा लांबलेला आणि पुढाऱ्यांच्या भाषणांनी भरलेला कार्यक्रम तिसऱ्या वर्षी ओस पडतो.

आता रंगांविषयी. २०२० मध्ये मोहन बागानचा फुटबॉल विभाग एटीके या व्यावसायिक संघात विलीन झाला, तेव्हा हिरवा-मरून रंग आणि क्लबचे चिन्ह असलेली शिडाची होडी कायम राहिली, पण नावापुढे एटीके आले. पाठीराख्यांनी ते नाव काढण्याची मागणी लावून धरली आणि २०२३ मध्ये ते गेले. रंग व चिन्ह लोकांच्या अंगवळणी पडलेले होते, म्हणूनच नावासाठी उभे राहण्याचे बळ त्यांच्यात आले. तुम्हीही दोनच रंग ठरवा आणि त्यांच्या छटेच्या कापडाचा तुकडा तालमीच्या कपाटात जपून ठेवा. दर वर्षी वेगळ्या दुकानातून कापड आले की लाल कधी केशरी होतो, कधी तपकिरी. चिन्ह असे असावे की शाळकरी मुलाला ते खडूने भिंतीवर काढता यावे. प्रायोजकाचे नाव जर्सीवर चालेल, झेंड्यावर मात्र कधीही नको.

गॅलरीत सर्वांत आधी हलगी लागते. एकच हलगीवाला पुढे असावा, त्याच्या ठेक्यावर चार-पाच अक्षरांची हाक निघावी आणि तितकाच छोटा प्रतिसाद यावा. लांबलचक घोषणा मागच्या रांगांपर्यंत पोहोचेपर्यंत फुटते. या हाकेची वेळ ठरलेली असू दे : सामना सुरू होताना आणि आपल्यावर गोल झाल्यानंतर लगेच. गोल झाल्यावर हाक आपसूक उठते की हलगीवाल्याला ती ओढून काढावी लागते, याची नोंद प्रत्येक सामन्यात ठेव. गर्दीचा समाज होतो आहे की नाही, हे त्यावरून कळते. समाजमाध्यमावरील आकड्यांवरून ते कळत नाही.

एका बाबतीत मात्र मी कठोर आहे. १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्या सामन्यात प्रेक्षकांत हाणामारी व चेंगराचेंगरी होऊन १६ जणांचा जीव गेला. आपल्याकडेही गॅलरीतली शिवीगाळ पेठेच्या रस्त्यावर उतरते, हे तू जाणतोस. त्याच दोन संघांचे पाठीराखे ऑगस्ट २०२४ मध्ये, त्यांची आपसातली लढत म्हणजे डर्बी रद्द झाल्यावर, एका तरुण डॉक्टरच्या हत्येचा निषेध करण्यासाठी सॉल्ट लेक स्टेडियमबाहेर एकत्र उभे राहिले, म्हणजे स्पर्धा तीव्र असूनही वैर अपरिहार्य नाही. म्हणून हलगीवाल्याला अधिकार दे : प्रतिस्पर्ध्याच्या पेठेविषयी वा घरच्यांविषयी अपशब्द निघाला की त्याने हलगी थांबवावी, आणि तो शब्द थांबेपर्यंत, आपला संघ गोलच्या तोंडाशी असला तरी, पुन्हा वाजवू नये. हे काम वयाने मोठ्या, पेठेत शब्दाला मान असलेल्या माणसाकडे सोपव. तुझ्या वयाच्या मुलाचे त्या क्षणी कोणी ऐकणार नाही.

तुझा,
काका