किमोनंतर पाय बधिर झालेत, तोल जातोय: घरात काय बदलावं?

प्रश्न: आईला ब्रेस्ट कॅन्सरसाठी दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल दिलं होतं, ते संपून दोन महिने झाले. आता टॅमॉक्सिफेन चालू आहे. दोन्ही पावलं बधिर आहेत, रात्री आग होते. परवा बाथरूममध्ये पडता पडता वाचली. घरात काय काय करावं? आम्ही कोल्हापुरात राहतो.

उत्तर: मी इथेच फिजिओथेरपिस्ट आहे आणि किमो झालेले बरेच पेशंट माझ्याकडे येतात. आधी आईंना एवढंच विचारा, की तोल गेला तेव्हा त्या नेमकं काय करत होत्या. बहुतेक वेळा उत्तर मिळतं, "तोंडाला साबण लावला होता", नाहीतर "रात्री लाईट न लावता गेले होते".

याचं कारण असं. उभं राहताना तोल सांभाळायला तीन ठिकाणांहून खबर येते: डोळे, कानाचा आतला भाग आणि तळपाय. पॅक्लिटॅक्सेलचा मार सगळ्यात लांब नसांच्या टोकांना आधी बसतो, म्हणून त्रास पायाच्या बोटांपासून सुरू होऊन मोजा घातल्यासारखा वर चढतो. तळपायाची खबर कमी झाली की माणूस नकळत डोळ्यांवर उभा राहतो. डोळे मिटले किंवा अंधार झाला, की तो आधारही जातो. बघायचं असेल तर आईंना भिंतीच्या कोपऱ्यात पाठ करून, पावलं जुळवून उभं करा. तुम्ही समोर हात पुढे धरून थांबा. डोळे उघडे असताना त्या ठीक आणि मिटल्यावर लगेच झुलायला लागल्या, तर पडण्याचं कारण सापडलं.

म्हणून सुरुवात बाथरूमपासून करा. अंघोळ उभ्याने नको आणि पाटावरही नको, कारण पाटावरून उठतानाच तोल जातो. पाय न घसरणारी, हातांची प्लास्टिकची खुर्ची ठेवा. खुर्चीजवळ आणि कमोडजवळ भिंतीत ड्रिल करून स्टीलचा दांडा बसवून घ्या. टॉवेलचा दांडा माणसाचं वजन घेत नाही, तो उखडून हातात येतो. खाली रबरी मॅट टाका आणि अंघोळ झाली की ती उभी करून वाळवा, बुळबुळीत मॅट शहाबादी फरशीपेक्षा वाईट. बेसिनवर तोंड धुताना एक हात बेसिनवरच राहू द्या. पलंगापासून बाथरूमपर्यंत रात्रभर छोटा दिवा चालू ठेवा आणि उंबऱ्यावर ठळक रंगाची पट्टी चिकटवा, म्हणजे पायाला कळलं नाही तरी डोळ्याला दिसेल.

दुसरा धोका गरम पाण्याचा. माझ्याकडे येणाऱ्या एका काकूंच्या घरी अजून बंब आहे. बादलीत आधी कढत पाणी काढायचं, मग विसण घालायचं, ही जन्माची सवय. एकदा विसण कमी पडलं आणि पहिला तांब्या त्यांनी पायावर घेतला. काही वाटलंच नाही. संध्याकाळी मोजा काढताना तो कातडीला चिकटला, तेव्हा बोटांवरचे फोड दिसले. जखम भरायला फार वेळ गेला आणि तोवर चालण्याचा व्यायामही बंद. आता त्यांच्याकडे क्रम उलटा आहे: बादलीत आधी गार पाणी, मग गरम, आणि बघायचं सुनेने. आईंच्या हाताची बोटंही बधिर असतील तर त्यांच्या बोटांवर विसंबू नका. कोपर बुडवून बघा, किंवा साधा पाण्याचा थर्मामीटर घ्या आणि ३८ अंशांच्या आसपास ठेवा. गरम पाण्याची पिशवी, शेगडीचा शेक, मिठाच्या कढत पाण्यात पाय सोडून बसणं, हे सगळं बंद.

आता चपला. आपल्या गावात हे बोलणं जड जातं, पण कोल्हापुरी सध्या कपाटात राहू दे. ती पायात टिकते बोटांच्या पकडीवर, आणि ती पकडच गेलेली असते. शिवाय नवी चपल चावलेली आईंना कळणारच नाही. मागून पट्टा असलेली, रुंद, तळ न घसरणारी सँडल घरातही वापरा. अनवाणी कुठेच नको. अंबाबाईला जायचं तर सकाळी लवकर, जाड सुती मोजे घालून, कुणाचा तरी हात धरून; एप्रिल-मेच्या दुपारी तिथला दगड तापलेला असतो. रोज झोपण्याआधी तळपाय आणि बोटांच्या बेचक्या तुम्ही स्वतः बघा. पावसाळ्यात बेचक्या कोरड्या करा. फोड आला तर फोडू नका, दाखवा.

रात्रीच्या आगीबद्दल. किमोनंतरच्या नसांच्या दुखण्यावर चांगला पुरावा असलेलं औषध सध्या एकच, ड्युलॉक्सेटिन. साधारणपणे आठवडाभर रोज ३० मिलिग्रॅम आणि मग ६० देतात. त्याने दुखणं आणि आग कमी होते, बधिरपणावर फारसा फरक पडत नाही, त्यामुळे "पाय अजून बधिरच आहे" म्हणून ते मध्येच सोडू नका. शिवाय एकदम बंद केलं तर चक्कर, मळमळ असा त्रास होतो.

तुमच्या बाबतीत मात्र एक अडचण आहे. टॅमॉक्सिफेनचं यकृतात ज्या एन्झाइममुळे कामाच्या रूपात रूपांतर होतं, त्याच एन्झाइमला ड्युलॉक्सेटिन काही प्रमाणात अडवतं. म्हणून फॅमिली डॉक्टरांनी लिहून दिलं तरी कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका. ते प्रीगाबालिनसारखं दुसरं काही निवडू शकतात. त्याचा पुरावा कमी आहे, पण काहींना उपयोग होतो. त्याने झोप आणि गुंगी येते, म्हणजे रात्री उठताना तोल आणखी जाऊ शकतो, हे लक्षात असू द्या.

मेडिकलमधून "नसांच्या गोळ्या" मात्र आणू नका. काहींत बी६ भरपूर असतं आणि ते जास्त झालं तर त्यानेच नसा बिघडतात. काहींत असिटिल-एल-कार्निटिन असतं. पॅक्लिटॅक्सेलच्या जातीची औषधं घेणाऱ्या स्तनाच्या कॅन्सरच्या बायकांवर झालेल्या चाचणीत त्याने त्रास वाढलेला दिसला. त्यापेक्षा बी१२ आणि साखर तपासून घ्या. तिथे काही कमी-जास्त निघालं तर त्यावर उपचार आहे.

चादरीचा स्पर्शही सहन होत नसेल तर पायथ्याशी उशा रचून पांघरूण पावलांवरून उचलून धरा. साध्या गार पाण्यात पाच-दहा मिनिटं पाय ठेवून बरं वाटतं, बर्फ लावू नका. काशाची वाटी विचाराल, कारण सगळेच विचारतात: तेल लावून हलक्या हाताने चालेल, पण ती फिरवणाऱ्याने कातडीकडे बघत फिरवावी. आईंना "बस कर" म्हणायची जाणीव उरलेली नसते.

तोलाचा व्यायाम स्वयंपाकाच्या ओट्याशी करा. दोन्ही हात ओट्यावर, मागे खुर्ची, सँडल घालून टाचा दहा वेळा वर-खाली; मग एक पाऊल दुसऱ्याच्या पुढे ठेवून दहा सेकंद उभं राहायचं. रोज दोनदा, घरात कुणी असतानाच. पॅक्लिटॅक्सेलचा त्रास बऱ्याच जणांत पुढच्या काही महिन्यांत हळूहळू उतरतो, काहींचा थोडा राहून जातो.

आई स्कूटर चालवत असतील तर तूर्त थांबवा. आणि हा त्रास दोन्ही पायांत सारखा असतो, म्हणून एकाच पायाची पोटरी सुजली, पाय उचलेनासा झाला, पाठ नव्याने दुखायला लागली किंवा लघवी-संडासवरचा ताबा सुटला, तर ते किमोच्या नसांवर ढकलू नका. त्याच दिवशी कॅन्सरच्या डॉक्टरांकडे न्या.