तिरक्या पायांचं स्टूल: भोक कुठल्या दिशेला पाडायचं आणि पाय ढिला का होतो

प्रश्न: सागवानाचं बैठं स्टूल करायचंय, पाय बाहेर पसरलेले, गोल कुसू थेट सीटच्या आरपार. पाय समोरून पण तिरका दिसतो आणि बाजूनं पण, मग ड्रिल नक्की कुठे आणि किती झुकवायचं? आणि अशा एका स्टूलचे पाय मी उन्हाळ्यात ढिले झालेले बघितलेत, ते कसं टाळायचं? ड्रिल प्रेस आणि लेथ दोन्ही नाहीये.

उत्तर: पहिली गोष्ट ही डोक्यात पक्की करा की पाय दोन दिशांना तिरका दिसत असला तरी प्रत्यक्षात तो एकाच दिशेला झुकलेला असतो, आपण त्या दिशेला तोंड करून बघत नाही म्हणून दोन अँगल दिसतात. ती दिशा सीटच्या खालच्या बाजूला पेन्सिलने एक रेघ मारून दाखवता येते आणि मग त्या रेघेवर ड्रिल एकाच अँगलमध्ये झुकवायचं, बास. पहिलं स्टूल असेल तर गोल सीट आणि तीन पाय घ्या असं माझं स्पष्ट मत आहे, कारण तिथे ही रेघ म्हणजे मध्यापासून भोकापर्यंतची सरळ रेघ, वेगळं काही काढावं लागत नाही, आणि तीन पायांचं स्टूल कुठल्याही फरशीवर डुगडुगत नाही.

मापं धरून बोलू म्हणजे सोपं पडेल. सीट ३२० मिमी व्यासाची, ४० मिमी जाड, स्टूलची एकूण उंची ४३०, म्हणजे सीटच्या खाली ३९० मिमी उरतात. सीटच्या खालच्या बाजूला मध्यापासून ११० मिमीवर तीन भोकं, एकमेकांपासून १२० अंशांवर. झुकाव मी तीनास एक घेतो, म्हणजे तीन मिमी खाली जाताना एक मिमी बाहेर, साधारण साडेअठरा अंश होतात पण कोनमापकाची गरजच नाही, एका फळीवर ३०० मिमी उभं आणि १०० मिमी आडवं काढून तिरकी रेघ जोडली की बेव्हल गुण्या त्यावरच सेट करायचा. या झुकावात पाय जमिनीवर मध्यापासून २४० मिमीवर टेकतो (११० अधिक १३०), आणि वरच्या बाजूला भोक मध्यापासून साधारण ९७ मिमीवर निघतं.

आता इतका झुकाव का, कमी का नाही, हे समजून घ्या कारण इथेच बरेच जण फसतात. तीन पायांचं स्टूल कलंडतं ते दोन पायांना जोडणाऱ्या रेघेवरून, आणि ही रेघ मध्यापासून पायाच्या अंतराच्या बरोबर निम्म्यावर असते. आपल्या केसमध्ये १२० मिमीवर. सीटची कड १६० वर, म्हणजे दोन पायांच्या मध्ये ४० मिमी सीट त्या रेघेच्या बाहेर राहते, नीट बसलात तर काही होत नाही. तेच झुकाव सहास एक ठेवला तर पाय १७५ वर टेकतील आणि कलंडायची रेघ ८७ वर येईल, मग कडेला बसलेला माणूस स्टूलसकट आडवा होतो. उलट झुकाव फार वाढवला तर येताजाता पायाला ठेच लागते, आत्ताच पाय सीटच्या कडेच्या ८० मिमी बाहेर आहेत. आणि तीन पायांच्या स्टूलवर उभं राहून पंखा पुसायला कोणाला देऊ नका, त्या कामाला चार पायांचं घ्यावं, तितक्याच अंतरावर पाय असतील तर त्याची कलंडायची रेघ १७० वर जाते, म्हणजे सीटच्या बाहेर.

चौकोनी सीट आणि चार पायच हवे असतील तर रेघ अशी काढा. समजा जमिनीवर पाय भोकापासून समोर ६० मिमी आणि बाजूला १०० मिमी जायला हवाय. सीटच्या खाली भोकाच्या खुणेपासून ६० समोर आणि १०० बाजूला मोजून टिंब द्या, भोक आणि ते टिंब जोडा, हीच तुमची रेघ, तिची लांबी साधारण ११७ येते. आता फळीवर ३९० उभं आणि ११७ आडवं काढून बेव्हल सेट करा. दोन अँगलचा सगळा घोळ इथे संपतो.

सीट एका अखंड फळीतून काढणं महाग पडतं, तीन पट्ट्या जोडून घेतल्या तरी चालतं, फक्त जोड भोकातून जाता कामा नये. तीनपैकी एक पाय लाकडाच्या रेषांच्या दिशेला ठेवा, म्हणजे मध्यापासून त्या पायापर्यंतची रेघ रेषांना समांतर. असं केलं की तिन्ही भोकं वेगवेगळ्या रेषांवर येतात. एक पाय रेषांना आडवा ठेवलात तर बाकीचे दोन एकाच रेषेवर येतात आणि पाचरी ठोकताना त्या दोन भोकांच्या मध्ये सीट चिरायची भीती असते. साधारण १०७ मिमीच्या तीन पट्ट्या घेतल्या तर जोड मध्यापासून ५३ मिमीवर दोन्हीकडे येतात, भोकांपासून सुरक्षित.

भोक पाडताना सीट उलटी करून टेबलाला क्लॅम्प करा आणि खाली एक टाकाऊ फळी अगदी घट्ट दाबून बसवा, नाहीतर बिट वरच्या बाजूने बाहेर पडताना लाकूड फाडून निघेल. ड्रिलचा मागचा भाग बाहेर आणि बिटचं टोक मध्याकडे, हे उलटं होऊ शकतं म्हणून सुरू करायच्या आधी एकदा पाय कुठे जाणार ते हाताने दाखवून बघा. २५ मिमीचा फ्लॅट बिट चालतो, त्याचं टोक लांब असल्यामुळे तिरकी सुरुवात नीट होते, मात्र स्पीड चांगला आणि दाब अगदी हलका, नाहीतर एक कड आधी अडकते आणि ड्रिल हाताला झटका देतं. बेव्हल गुण्या त्या रेघेला लागून उभा ठेवा आणि स्वतः रेघेच्या सरळीत उभे राहा, तिथून ड्रिल डावीउजवीकडे झुकलेलं दिसता कामा नये. घरातल्या कोणाला तरी बाजूला उभं करा, त्यांनी फक्त बिटची दांडी बेव्हलच्या पात्याला समांतर आहे का एवढंच सांगायचं. एक अंश चुकला तर पाय जमिनीवर जेमतेम ७ मिमी सरकतो, ते कोणाला दिसत नाही, तीन-चार अंश चुकले की मात्र लगेच दिसतं. पहिलं भोक झालं की त्यात २५ मिमीचा सरळ दांडा घालून बेव्हल लावून बघा आणि मगच दुसऱ्याला हात घाला.

आता पाय ढिले होण्याचं. बहुतेक वेळा कारण एकच असतं, कुसू करताना पायाचं लाकूड ओलसर होतं. पावसाळ्यात किंवा कोकणातल्या दमट हवेत कुसू घट्ट बसतो, मग एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत तो आकसतो, आणि सगळीकडून सारखा आकसत नाही, वार्षिक वलयांच्या दिशेने जास्त आणि आरपार कमी, म्हणजे गोल कुसू लंबगोल होतो आणि भोकात फट पडते. फेविकॉल ही फट भरून काढू शकत नाही. उपाय म्हणजे कुसू सीटपेक्षा कोरडा असताना बसवायचा, मग तो नंतर हवेतली ओल घेऊन फुगतो आणि आपोआप आवळतो. इंग्लंडात हाय विकमच्या आसपास विंडसर खुर्च्यांचे पाय ओल्या बीच लाकडाचे कातायचे, पण ते सुकवूनच सीटमध्ये बसवायचे, कारण हेच.

पायासाठी ४० बाय ४० चे, ५०० मिमी लांबीचे, सरळ रेषांचे आणि बिनगाठीचे तुकडे घ्या. प्रत्यक्षात सीटखाली ४११ मिमी आणि सीटच्या आत ४२ मिमी लागतात, बाकी लांबी दोन्ही टोकांना कापायला. रेषा तिरक्या पळत असतील तर तो तुकडा बाजूला ठेवा, असा पाय कुसवाच्या मुळाशी मोडतो. रंध्याने अष्टकोनी करा, लेथची गरज नाही. सीटकडच्या टोकाला कुसू २७-२८ मिमीपर्यंत कच्चा काढून ठेवा आणि पाय ऊन चांगलं असेल तर काळ्या प्लास्टिकखाली गच्चीवर किंवा पत्र्यावर सुकवा, संध्याकाळी घरात. किचनच्या वजनकाट्यावर रोज वजन करा, वजन उतरायचं थांबलं की लाकूड सुकलं, दिवस मोजण्यापेक्षा हा हिशोब खात्रीचा आहे.

सुकल्यावरच कुसू शेवटच्या मापाला आणा. एका कडक लाकडाच्या तुकड्यात त्याच बिटने सरळ भोक पाडा, त्याच्या आतून पेन्सिलचं शिसं घासा, कुसू त्यात फिरवा, जिथे काळं लागेल तिथेच रॅस्पने किंवा पटाशीने काढा, आणि हे सावकाश करा कारण जास्त काढलेलं परत येत नाही. हाताने दाबून निम्मा जातो आणि पुढे लाकडी हातोडा लागतो, इतपत घट्ट हवा. पाय जिथे जाड होतो तो खांदा एकदम चौकोनी ठेवू नका, १० मिमीत उतार द्या, कारण पाय तिरका असल्यामुळे खांदा बाहेरच्या बाजूला आधी टेकतो आणि आतल्या बाजूला बारीक फट राहते, उतार दिला की तो भोकाच्या तोंडात दाबून बसतो.

पाचरीसाठी कुसवात करवतीने साधारण २८ मिमी खोल चीर द्या. ही चीर सीटच्या रेषांना काटकोनात यायला हवी, म्हणजे पाचर कुसवाला रेषांच्या लांबीच्या दिशेने दाबते, तिथे सीट सहन करते. चीर रेषांना समांतर राहिली तर ती पाचर सीट फोडते, आणि बहुतेक वेळा ठोकताना नाही, दोन-चार महिन्यांनी. म्हणून आधी तिन्ही पाय कोरडेच बसवून नंबर टाका, चीर कुठल्या दिशेला ते पायावर खूण करा, मग काढून गोंद. पाचर बाभळीची किंवा शिसवाची, ३० मिमी लांब, डोक्याला ५ मिमी, टोकाला शून्य. गोंद भोकात आणि कुसवावर दोन्हीकडे पातळ लावा, पाय ठोकून बसवा, मग पाचर. ठोकताना आवाज बद्द येत असतो तोवर ठोका, आवाज एकदम टणक झाला की थांबा.

दुसऱ्या दिवशी वर आलेला कुसू करवतीने कापून पटाशीने सपाट करा. उन्हाळ्यात सीटची जाडी किंचित आकसली की कुसवाचं टोक नखाला लागेल इतकं वर येतं, तो सांधा सुटलेला नाही, घासून टाका.

शेवटी पाय जमिनीला लावायचे. स्टूल ओट्याच्या सपाट ग्रॅनाइटवर ठेवा, पायांखाली कागदाच्या घड्या किंवा पातळ चिपा सरकवत सीटची कड तीन जागी मोजून सारखी उंच करा. मग एका ठोकळ्यावर पेन्सिल आडवी ठेवून तो प्रत्येक पायाभोवती फिरवा, तिरकी रेघ आपोआप मिळते, त्या रेघेवर कापा. ठोकळ्याची उंची अशी निवडा की कापल्यावर स्टूल ४३० राहील. कापलेल्या टोकाच्या कडा रॅस्पने २ मिमी मोडून घ्या, नाहीतर स्टूल ओढताना तिथून कपच्या निघतात.