ड्रायर नंतर, आधी घाट्याजवळ बसा

प्रश्न: आम्ही जळगावला इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहोत. बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड करणाऱ्या महिला बचत गटांसाठी स्वस्त सोलर ड्रायर बनवायचा आमचा विचार आहे. गुगल फॉर्म केला, 140 उत्तरं आली, जवळपास सगळ्यांनी "वापरू" म्हटलंय. तरी कॉलेजच्या स्पर्धेत परीक्षक म्हणाले, तुमचं एम्पथाइज, म्हणजे वापरणाऱ्याला समजून घेणं, कच्चं आहे. डिझाइन थिंकिंगचे पाचही टप्पे नीट कसे करायचे? चार आठवडे आहेत.

उत्तर:

परीक्षकांचं म्हणणं मला पटतं. फॉर्म भरणाऱ्या 140 जणांपैकी गेल्या उन्हाळ्यात स्वतः बिबडे थापलेले किती, ते आधी मोजा. आणि "असं यंत्र मिळालं तर वापराल का?" या प्रश्नाला नाही कोण म्हणेल? समोर कॉलेजची मुलं आहेत, हो म्हणायला पैसे पडत नाहीत. पुढे काय कराल, हे विचारून काही कळत नाही. मागे काय झालं ते विचारा: "शेवटचे बिबडे केले तो दिवस पहाटेपासून सांगा. मदतीला कोण होतं? कोणती ऑर्डर परत पाठवली?"

आणि त्याहून महत्त्वाचं, जाऊन बसा. दोन वर्षांपूर्वी मी अमळनेर तालुक्यातल्या एका गावात विद्यार्थ्यांच्या एका गटासोबत याच कामासाठी गेले होते. त्यांच्याही डोक्यात वाळवणच होतं. अंगणात खाटांवर पसरलेले बिबडे दिसले की तेच डोळ्यांत भरतं. पण पहाटे चुलीजवळ बसल्यावर चित्र बदललं. भिजवून दळलेल्या ज्वारीचा घाटा शिजला की तो गरम आहे तोवरच ओल्या कापडावर थापावा लागतो. गार झाला की घट्ट होतो, पातळ पसरत नाही, आणि वाळताना कडेने चिरतो. मुलांनी घड्याळ लावलं. एका बिबड्याला साधारण 45 सेकंद लागत होते, आणि त्या पातेल्यातला घाटा 20 मिनिटांत हाताबाहेर जात होता. म्हणजे एकटी बाई पंचवीसेक बिबडे थापते आणि उरलेला घाटा वाया. म्हणून चार-पाच जणी एकदम लागतात. लग्नसराईत तेवढ्या जणी मिळत नाहीत. मुलांनी वाळवणाचं विचारलं तेव्हा तिथली आजी म्हणाली, "ऊन काय कमी शे का आठे? हात कमी पडतस." वैशाखातलं खानदेशचं ऊन फुकट मिळतं, त्यावर कोणाला बसून राहावं लागत नाही. तिचं खरं नुकसान परत पाठवलेल्या ऑर्डरींत होतं, आणि ते अंगणात दिसत नव्हतं.

किती जणींना भेटायचं? सहा-सात पुरतात, पण एकसारख्या नकोत. घरापुरते करणारी, ऑर्डर घेणारी, आणि आधी करत होती पण आता सोडलं अशी एक तरी हवीच. सोडणारी सगळ्यात जास्त शिकवते, कारण तिने कशापायी सोडलं तिथेच अडचण सापडते. वहीत ती काय बोलली आणि तिने काय केलं, हे वेगवेगळ्या पानांवर लिहा. ही दोन पानं जिथे जुळत नाहीत तिथे खूण करा.

आता डिफाइन, म्हणजे अडचण एका वाक्यात मांडणं. तुमचं वाक्य बहुतेक असं असेल: "बचत गटांना स्वस्त सोलर ड्रायरची गरज आहे." यात अडचण कुठेच नाही, उत्तरच अडचणीचा वेश घालून बसलंय. वाक्यात माणूस हवा, त्याची गरज हवी, आणि त्या गरजेमागचं, तुम्हाला तिथे जाऊनच कळलेलं कारण हवं. त्या मुलांचं वाक्य तीनदा खोडून असं झालं: "ऑर्डरवर बिबडे करणाऱ्या बाईला मदतीला कोणी नसतानाही शिजवलेला सगळा घाटा थापून संपवायचा असतो, कारण घाटा तिच्या हातांपेक्षा लवकर गार होतो." वस्तूचं नाव काढलं की वाक्य कोसळत असेल, तर ते डिफाइन झालेलं नाही.

हे पाच टप्पे अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ज्या डी-स्कूल या डिझाइन शिकवणाऱ्या संस्थेमुळे सगळीकडे पोहोचले, तिथलंच एक उदाहरण आहे. 2007 च्या सुमारास तिथल्या विद्यार्थ्यांना नवजात बाळांसाठी स्वस्त इन्क्युबेटर बनवायचं काम मिळालं. नेपाळला जाऊन पाहिलं तर रुग्णालयात इन्क्युबेटर रिकामे पडलेले, आणि कमी वजनाची बाळं खेड्यात, रुग्णालयापासून लांब. तेव्हा त्यांनी सतत वीज नसतानाही बाळाला ऊब देणारी पिशवी केली, आत मेणासारख्या पदार्थाचं पाकीट असलेली. ते स्वस्त इन्क्युबेटरच करत बसले असते तर रुग्णालयात आणखी एक रिकामी पेटी वाढली असती.

आयडिएटला, म्हणजे कल्पना सुचवायला, एक संध्याकाळ पुरे. वरच्या वाक्यातून वाटा आपोआप फुटतात: घाटा जास्त वेळ गरम ठेवायचा, थापणं लवकर करायचं, किंवा थोडा थोडा शिजवायचा. ड्रायरही यादीत लिहा, मनातून निघून जाईल. निवडताना उद्या काय करून बघता येईल एवढंच पाहा.

प्रोटोटाइप म्हणजे छोटं यंत्र नव्हे. एका प्रश्नाचं उत्तर मिळेल एवढीच वस्तू हवी. त्या मुलांनी दोन केल्या. गरम पाण्याच्या मोठ्या पातेल्यात घाट्याचं पातेलं ठेवलं, हा एक. दोन पाटांमध्ये ओलं कापड घालून दाबायचं, हा दुसरा. दोन्हींसाठी घरातलीच भांडी आणि सुताराकडचे पाट पुरले.

टेस्टला जाण्याआधी हरल्याची खूण लिहून ठेवा. त्यांनी लिहिलं होतं: एकटीने एका पातेल्यातून 40 बिबडे, आणि तळल्यावर नेहमीसारखे फुलले पाहिजेत, नाहीतर हरलो. दाबयंत्राने थापणं झपाट्याने झालं, मुलं खूश झाली. पण बिबडे मध्ये जाड राहिले, वाळायला जास्त वेळ लागला आणि तळल्यावर मध्ये कडकच लागले. म्हणजे अंगणातली टेस्ट अर्धीच असते, ती कढईत संपते. गरम पाण्याच्या पातेल्याने मात्र घाटा दुप्पट वेळ मऊ राहिला आणि आकडा चाळीशीपार गेला. त्यातही एक गोष्ट नंतर कळली. पाणी खालून तापवत ठेवायला थापणं सोडून उठावं लागतं, म्हणून दुसऱ्या दिवशी तिने ते वापरलंच नाही. मुलं परत पहिल्या टप्प्यावर आली, आणि यावेळी चुलीजवळची बैठक बघायला बसली. टेस्ट करताना समजावून सांगू नका, वस्तू ठेवून निघून या आणि चार दिवसांनी ती कुठे पडलीय ते बघा.

तुमचा ड्रायर चुकीचाच ठरेल असं मी म्हणत नाही. आषाढात ऑर्डर घेणारा किंवा वळवाच्या पावसात माल भिजलेला गट तुम्हाला भेटला, तर वाळवण हीच अडचण असेल. मग वाक्य त्या बाईचं लिहा आणि ड्रायर तिच्या अंगणात नेऊन ठेवा.

चारपैकी दोन आठवडे भेटी आणि वाक्य यांना द्या, उरलेले दोन वस्तू करून मोडण्यात जाऊ द्या. हंगाम नसेल तर एखाद्या ताईंना एक घाणा करायला सांगा, ज्वारीचे पैसे आणि त्यांच्या दिवसाची मजुरी आधी हातात द्या. ज्वारी भिजायलाच दोन-तीन दिवस जातात, त्यामुळे पुढच्या रविवारी बसायचं असेल तर निरोप आजच धाडा.