नफा दिसतो, मग पैसा कुठे अडकतो?

प्रिय,

महिनाअखेरीस नफा दिसतो, पण पुरवठादाराला पैसे द्यायच्या दिवशी खातं रिकामं असतं, असं तू लिहिलंस. याचं उत्तर नफातोटा पत्रकात शोधू नकोस. ताळेबंदातला साठा, येणी आणि देणी हे तीन आकडे घे आणि त्यांचे दिवस कर.

तुझी वर्षाची विक्री ३६५ लाख, सगळी उधारीवर. म्हणजे रोजची १ लाख. त्या मालाची खरेदी किंमत ३२८.५ लाख, म्हणजे रोजचे ९० हजार. गोदामात माल २७ लाखांचा आहे. ९० हजारांनी भागलं की साठ्याचे ३० दिवस. येणी ४५ लाख, त्यांना रोजच्या विक्रीने भागायचं: ४५ दिवस. देणी १८.९ लाख, ती पुन्हा खरेदी किमतीने: २१ दिवस. साठाही विक्रीनेच भागण्याची चूक सर्रास होते. विक्रीत नफा मिसळलेला असल्यामुळे दिवस कमी दिसतात आणि माल पटापट हलतोय असा भास होतो. कराचंही तसंच. येण्यांत कर धरलेला आणि विक्रीत वगळलेला असेल, तर दिवस उगाच फुगतात. वर घेतलेले आकडे सगळे करापूर्वीचे आहेत.

आता ३० अधिक ४५ वजा २१, म्हणजे ५४ दिवस. पुरवठादाराला दिलेला पैसा गिऱ्हाइकाकडून परत यायला इतके दिवस लागतात. साठा आणि येणी मिळून ७२ लाख. त्यातून देणी वजा केली की ५३.१ लाख उरतात. तेवढी रक्कम धंद्यात कायम गुंतलेली आहे.

तुझी अडचण नेमकी इथे सुरू होते. विक्री २० टक्क्यांनी वाढवायची म्हणतोस. दिवस तेच राहिले तर गुंतलेली रक्कमही २० टक्क्यांनी वाढेल, म्हणजे आणखी १०.६ लाख लागतील. त्या वाढीव विक्रीवर वर्षभरात मिळणारा ढोबळ नफा ७.३ लाख, तोही भाडं, पगार, वाहतूक जायच्या आधीचा आणि वर्षभर थोडाथोडा येणारा. माल मात्र आधीच भरावा लागतो. धंदा वाढतो आणि रोकड आटते, ती अशी. म्हणून नवीन ऑर्डर घेण्याआधी हे १०.६ लाख कुठून येणार ते कागदावर मांड.

येण्यांच्या ४५ दिवसांवर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवू नकोस. विक्री वर्षभर सारखी नसेल तर वार्षिक सरासरी फसवते. त्याऐवजी येण्यांतून एकेका महिन्याची विक्री वजा करत मागे मागे मोजत जा. समज, महिनाअखेरीस येणी ४५ लाख आणि त्या महिन्याची विक्री ४० लाख. मग ३० दिवस मोजून झाले, ५ लाख उरले. आधीच्या महिन्याची विक्री २५ लाख असेल तर ते सहा दिवसांचे. एकूण ३६. पुढच्या महिन्यात विक्री २० लाखांवर आली आणि येणी ४५ लाखच राहिली, तर ३० दिवसांनंतर २५ लाख उरतात. ते आधीच्या ४० लाखांतले, म्हणजे साधारण १९ दिवसांचे. एकूण ४९. वार्षिक सूत्र दोन्ही वेळा ४५ च सांगेल, वसुली मात्र १३ दिवसांनी ढिली पडलेली असेल.

शिवाय बिलवार यादी काढ. ४५ लाखांतले ९ लाख एकाच गिऱ्हाइकाचे, पाच महिने जुन्या बिलांचे निघाले, तर बाकीच्यांच्या मागे तगादा लावून काय होणार? त्या एकाशी बोलायला हवं: बिलं का अडली? मालाची तूट, परतीचा माल, न मिळालेली क्रेडिट नोट, की खरोखर पैसाच नाही? पहिली तीन कारणं तुझ्याच कार्यालयात सुटतात. चौथं असेल तर पुढचा माल रोखीनेच. जुनं बिल फिटल्याशिवाय नवीन उधारी नाही, हे विक्री करणाऱ्या माणसालाही बजावून ठेव. त्याचं कमिशन बिल फाडण्यावर नव्हे, वसुलीवर ठेवलं तर अर्धं काम होतं.

देणी लांबवायचा मोह होईल. २१ चे ३० दिवस केले तर ८.१ लाख मोकळे होतात, पण पुरवठादाराने क्रेडिट लिमिट थांबवलं की माल येणं बंद, आणि आधी अडतो तो हुकमी खपणारा माल. सात दिवसांत पैसे दिल्यास १ टक्का सूट पुरवठादाराने देऊ केली असेल तर आधी हिशेब कर. २१ व्या दिवशी पैसे देणं म्हणजे १४ दिवसांच्या उधारीसाठी ९९ वर १ मोजणं, वर्षाला सुमारे २६ टक्के. तुझ्या कॅश क्रेडिटचं व्याज त्याहून कमी असेल तर तिथून पैसे उचलून सातव्या दिवशी बिल भागव.